रेंज फुल, तरी नेट चालेना: भर बाजारात टॉवरची गर्दी ओळखायची कशी आणि बँड बदलायचा कसा

दिवाळीआधीच्या रविवारी संध्याकाळी पुण्यात मंडईपासून तुळशीबागेपर्यंत कुठेही थांबा, तेच चित्र दिसतं. गिऱ्हाइकाने क्यूआर कोड स्कॅन केलाय, रक्कम टाकलीय, पिनही टाकून झालाय आणि पडद्यावर चकरी फिरतेय. वरच्या कोपऱ्यात रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या. दुकानदार म्हणतो, "ताई, रेंज तर फुल आहे, परत करून बघा." दादरच्या फुलबाजारात सणाच्या पहाटे आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुपारी याहून वेगळं काही घडत नाही.

अशा वेळी बहुतेक जण फोन बंद करून चालू करतात, नाहीतर कंपनीला दोष देऊन रोख पैसे काढतात. पण पाच मिनिटं दिली तर अडचण नेमकी कुठे आहे ते फोनच सांगतो, आणि बऱ्याचदा जागेवरच त्यातून वाट काढता येते. त्यासाठी आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी: जिथे कांड्या कमी दिसतात तिथे नेट जास्त वेगाने चालू शकतं, आणि बाजारात तर हे अनेकदा घडतं.

कांड्या काय मोजतात

४जीमध्ये रेंजच्या कांड्या मुख्यतः टॉवरकडून येणाऱ्या एका ठरावीक संदर्भ-लहरीची ताकद दाखवतात. फोनच्या तांत्रिक पडद्यावर हा आकडा RSRP या नावाने दिसतो आणि तो डीबीएममध्ये, उणे चिन्हासह लिहिलेला असतो. −७५ म्हणजे जोरदार, −९० म्हणजे चांगला, −१०५ म्हणजे कामापुरता, आणि −११५ च्या खाली गेलात की काठावर आलात. किती आकड्याला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी आपल्या मनाने ठरवते, म्हणून दोन फोन शेजारी धरले तरी कांड्या सारख्या दिसतीलच असं नाही.

टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठा पोहोचतो एवढंच या आकड्यातून कळतं. तुमच्यासाठी तिथे जागा किती शिल्लक आहे, याबद्दल तो काही सांगत नाही. थांब्यावर एसटी समोर येऊन उभी राहिली म्हणून आत बसायला जागा मिळेलच असं नसतं, तसंच हे आहे.

ही जागा मोजता येते. ४जीचा टॉवर आपल्या लहरींची पट्टी छोट्या तुकड्यांत वाटतो आणि दर मिलिसेकंदाला हे तुकडे कोणत्या फोनला द्यायचे ते नव्याने ठरवतो. २० मेगाहर्ट्झची पट्टी असेल तर असे १०० तुकडे मिळतात, १० ची असेल तर ५० आणि ५ ची असेल तर फक्त २५. साधारण टॉवरवर तीन दिशांना तीन अँटेना असतात आणि प्रत्येक दिशेचा भाग, म्हणजे सेक्टर, स्वतंत्र धरला जातो. एका सेक्टरमधली एक पट्टी म्हणजे एक सेल, आणि त्या सेलवरचे सगळे फोन हेच तुकडे वाटून घेतात. १० मेगाहर्ट्झच्या पट्टीचा आदर्श वेग सेकंदाला ७५ मेगाबिटच्या आसपास असतो, पण गर्दीत कुणी जवळ, कुणी लांब, कुणी तीन भिंतींच्या आड, त्यामुळे प्रत्यक्षात मिळणारा एकूण वेग बराच खाली येतो. समजा तो २५ मेगाबिट राहिला आणि एकाच वेळी २०० फोन काहीतरी मागत असले, तर वाट्याला येतो जेमतेम सव्वाशे किलोबिट. कांड्या मात्र सगळ्यांच्याच भरलेल्या.

आता कुणी म्हणेल, यूपीआयला तरी कितीसा डेटा लागतो? खरंच फार थोडा लागतो. पण एका व्यवहारात फोन आणि सर्व्हर यांच्यात अनेकदा निरोपांची देवाणघेवाण होते: आधी सुरक्षित जोडणी, मग ओळख, मग विनंती, मग उत्तर. सेल भरलेला असला की प्रत्येक निरोपाला रांगेत थांबावं लागतं. त्यातच, थोडा वेळ शांत असलेल्या फोनला पुन्हा बोलायचं असेल तर त्याला आधी टॉवरकडे हात वर करावा लागतो, आणि गर्दीत एकाच क्षणी अनेक फोनांनी हात वर केला की ती हाक वाया जाऊन पुन्हा द्यावी लागते. एका फेरीला दीड-दोन सेकंद लागले आणि अशा सहा-सात फेऱ्या झाल्या, की ॲपचा धीर सुटतो. म्हणून बाजारात वेगापेक्षा फेरीला लागणारा वेळ, म्हणजे पिंग, जास्त महत्त्वाचा.

बँड म्हणजे काय आणि फोन चुकीचा बँड का धरून बसतो

भारतात ४जी अनेक पट्ट्यांवर चालतं. खालच्या पट्ट्या म्हणजे ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ आणि ९०० चा बँड ८. मधल्या म्हणजे १८०० चा बँड ३ आणि २१०० चा बँड १. वरच्या म्हणजे २३०० चा बँड ४० आणि २५०० चा बँड ४१. जिओ प्रामुख्याने ५, ३ आणि ४० वापरते. एअरटेलकडे ३ आणि ४० सोबत सर्कलनुसार १ आणि ८ असतात. व्हीआयकडे ८, ३, १ आणि काही सर्कलमध्ये ४१. बीएसएनएलचं नवं ४जी ७०० च्या बँड २८ वर आणि २१०० वर आहे. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल आहे आणि मुंबई वेगळं, त्यामुळे पुण्यात मिळणारा बँड मुंबईत त्याच कंपनीचा असेलच असं धरू नका.

खालच्या पट्टीच्या लहरी भिंतींतून, पत्र्यांतून, ताडपत्रीतून आत शिरतात आणि लांबवर पोहोचतात. पण त्या पट्टीत कंपनीकडे सहसा ५ किंवा १० मेगाहर्ट्झच जागा असते. वरच्या पट्टीत जागा भरपूर असते, २० किंवा त्याहून जास्त, पण लहरी लवकर दमतात, आणि जुन्या वाड्याच्या भिंतीपलीकडे गेल्या की कांड्या दोनवर येतात.

गल्लीच्या आतल्या दुकानात उभ्या फोनला खालची पट्टी जोरात ऐकू येते आणि तो तिलाच चिकटतो. शेजारच्या दुकानातला फोनही तेच करतो. गर्दी वाढते तसे सगळे एकाच अरुंद पट्टीवर जमतात, आणि शेजारची रुंद पट्टी अर्धी रिकामी राहते. टॉवर फोनांना इकडून तिकडे हलवायचा प्रयत्न करतो, पण तो कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादा बघून हलवतो. वरच्या पट्टीची ताकद त्या मर्यादेच्या जराशी खाली असली, की तिथे मोकळी जागा असूनही तुम्ही खालीच राहता. बँड बदलायचा तो या परिस्थितीत.

पहिली पायरी: दुसरी कारणं बाजूला काढा

टॉवरकडे बोट दाखवण्याआधी रोजचा डेटा संपला का ते बघा. रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या बहुतेक प्लॅनमध्ये कोटा संपला की वेग ६४ किलोबिटवर येतो, आणि ही अवस्था टॉवरच्या गर्दीसारखीच भासते. फरक असा की कोटा संपल्यावर वेग सगळीकडे आणि सगळ्या वेळी सारखाच मेलेला असतो. गर्दीत तो वरखाली होतो, मध्येच एखादं पान झटकन उघडतं आणि पुन्हा अडकतं.

नंतर व्हीपीएन आणि डेटा सेव्हर बंद करा. दोन सिम असतील तर डेटा कोणत्या सिमवर चालू आहे ते तपासा. शेवटी पैशाच्या ॲपऐवजी एखादी साधी वेबसाइट उघडून बघा. वेबसाइट झटकन उघडली आणि पैसेच जात नसतील, तर अडचण बँकेच्या सर्व्हरची असू शकते आणि बँड बदलून तिचं काहीही होणार नाही.

दुसरी पायरी: पिंग बघा

स्पीड टेस्ट करू नका, निदान पहिल्यांदा तरी. ती डेटा खाते, भरलेल्या सेलवर आणखी भार टाकते आणि आपल्याला हवं ते नेमकं सांगत नाही. अँड्रॉइडवर टर्मक्ससारखं टर्मिनल ॲप असेल तर ही एक ओळ पुरते:

```
ping -c 30 1.1.1.1
```

टर्मिनल नको असेल तर प्ले स्टोअरवर आणि ॲप स्टोअरवर पिंग मोजणारी अनेक साधी ॲप मिळतात. ३० फेऱ्या होऊ द्या. पहिली फेरी नेहमी लांबते, कारण फोन तेव्हा झोपेतून उठत असतो, म्हणून ती सोडून द्या. शेवटी दिसणाऱ्या ओळींत किमान, सरासरी आणि कमाल वेळ मिलिसेकंदात दिसतो, शिवाय किती टक्के निरोप हरवले तेही.

मोकळ्या ४जीवर सरासरी साधारण ३० ते ७० येते आणि कमाल फार दूर जात नाही. गर्दीची खूण अशी असते: किमान ६०, म्हणजे मधूनच रस्ता मोकळा मिळतो, पण सरासरी ६०० ते ९००, कमाल दोन-तीन हजार, आणि शेकड्यात दहा-पंधरा निरोप हरवलेले. किमान आणि कमाल यांच्यातली ही दरी बघा. सरासरी नुसती जास्त पण स्थिर असेल, समजा सतत २५० च्या आसपास, तर कारण बहुधा गर्दीचं नसून व्हीपीएन किंवा लांबचा सर्व्हर हे असतं.

तिसरी पायरी: फोन कोणत्या बँडवर आहे ते शोधा

अँड्रॉइडवर NetMonster हे ॲप मला सगळ्यांत सोपं वाटतं. ते लोकेशनची परवानगी मागेल आणि लोकेशन चालूही ठेवायला लावेल, कारण टॉवरचा क्रमांक कळला की माणसाची जागा कळते, म्हणून अँड्रॉइडने हे दोन्ही जोडून ठेवलं आहे. ॲप उघडल्यावर वर जोडलेला सेल दिसतो: बँडचा क्रमांक, EARFCN, RSRP, RSRQ, SNR आणि सेलचा क्रमांक.

सॅमसंगच्या अनेक फोनांत डायलरवर `*#0011#` टाकलं की सर्व्हिस मोड उघडतो आणि त्यात बँड दिसतो. आयफोनवर `*3001#12345#*` टाकून कॉलचं बटण दाबा; फील्ड टेस्टमध्ये सर्व्हिंग सेलच्या माहितीत बँडचा क्रमांक मिळतो.

काही फोन बँड सांगत नाहीत, फक्त EARFCN, म्हणजे पट्टीतल्या जागेचा क्रमांक, देतात. तो आकडा वाचता येतो: ० ते ५९९ म्हणजे बँड १, १२०० ते १९४९ म्हणजे ३, २४०० ते २६४९ म्हणजे ५, ३४५० ते ३७९९ म्हणजे ८, ९२१० ते ९६५९ म्हणजे २८, ३८६५० ते ३९६४९ म्हणजे ४०, आणि तिथून ४१५८९ पर्यंत बँड ४१.

चौथी पायरी: आकड्यांवरून निदान

इथे जरा थांबून वाचायला हवं, कारण "नेट स्लो" या एका तक्रारीमागे तीन वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

RSRQ हा आकडा टॉवरच्या त्या संदर्भ-लहरीची तुलना हवेत त्या पट्टीत असलेल्या एकूण ऊर्जेशी करतो. सेल रिकामा असेल तर हवेत संदर्भ-लहरींखेरीज फारसं काही नसतं आणि आकडा −६ ते −८ च्या आसपास राहतो. सेल भरला की त्याचा स्वतःचाच डेटा हवा भरून टाकतो आणि आकडा −११ ते −१३ पर्यंत घसरतो. टॉवरच्या अँटेनांच्या रचनेनुसार हे थोडं बदलतं, पण एकाच जागी सकाळी आणि संध्याकाळी घेतलेल्या आकड्यांतला फरक फसवत नाही.

SNR किंवा SINR सांगतो की तुमच्या टॉवरचा आवाज बाकीच्या गोंगाटातून किती स्वच्छ ऐकू येतो. १३ च्या वर चांगला, २० च्या वर उत्तम, शून्याच्या आसपास वाईट.

आता RSRP −७२, SNR १४, पण RSRQ −१३ आणि पिंग भरकटलेला असेल, तर आवाज मोठा आहे, स्वच्छही आहे आणि सेल मात्र गच्च भरलाय. ही खरी गर्दी, आणि बँड बदलल्याचा सर्वांत जास्त फायदा इथेच होतो.

RSRP तसाच जोरदार, पण SNR २ किंवा त्याहून खाली आणि RSRQ −१५ च्याही खाली गेला असेल, तर दोन-तीन सेल त्याच पट्टीवर एकमेकांच्या अंगावर ओरडत आहेत. चौकात, जिथे दोन सेक्टरांची हद्द मिळते, तिथे असं हमखास होतं. यावर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे वीस-तीस मीटर सरकणं, म्हणजे कोपरा ओलांडून एखाद्या इमारतीच्या आडोशाला जाणं, जेणेकरून एक टॉवर झाकला जाईल. कांड्या एकाने कमी होतील आणि नेट धावू लागेल.

तिसरी शक्यता: RSRP छान, SNR छान, RSRQ ही −७, म्हणजे हवेत जागा आहे, पण पिंग आणि वेग दोन्ही वाईट. अशा वेळी शंका टॉवरपासून मागे जाणाऱ्या फायबरवर किंवा मायक्रोवेव्हच्या जोडणीवर घ्यावी लागते. त्या टॉवरवरचे सगळे बँड बहुधा त्याच वाटेने जातात, त्यामुळे बँड बदलून उपयोग नाही. तिथे दुसऱ्या कंपनीचं सिमच लागतं.

खात्री करायची असेल तर त्याच जागी सकाळी साडेसातला, दुकानं उघडण्याआधी, पुन्हा मोजा. सेल तोच, RSRP तोच, पण RSRQ −७ आणि पिंग ४५ आला, तर संध्याकाळचा दोष निव्वळ गर्दीचा होता.

पाचवी पायरी: बँड बदलणं, सौम्य उपायापासून

फोनला ठरावीक बँडचं कुलूप लावण्याआधी जागा बदलून बघा. दुकानाच्या आतून ओट्यावर, ओट्यावरून रस्त्याच्या तोंडाशी या. बाहेर आल्यावर वरची पट्टी पुरेशी ऐकू येऊ लागते आणि फोन आपणहून तिच्यावर जातो. NetMonster उघडं ठेवून चाललात तर बँड ८ चा ४० झालेला डोळ्यांनी दिसतो.

फ्लाइट मोड चालू-बंद करणं हा लोकप्रिय उपाय आहे, पण तो बेभरवशाचा. फोन परत जोडताना आधी आठवणीतल्या पट्ट्याच तपासतो, त्यामुळे पुष्कळदा त्याच सेलवर येऊन बसतो. नुसतं जागेवर बसून करण्यापेक्षा कोपरा ओलांडून केलात तर निदान नवा सेल मिळायची शक्यता वाढते.

नंतर ५जी. फोनमध्ये ५जी असेल आणि ते बंद ठेवलेलं असेल तर चालू करा, कारण जिओ आणि एअरटेल या दोघांकडे ३३०० मेगाहर्ट्झच्या n78 पट्टीत १०० मेगाहर्ट्झ जागा आहे. ४जीच्या १० मेगाहर्ट्झपुढे हे अंगणापुढे मैदान आहे. पण उलटही होऊ शकतं. एअरटेलचं ५जी मोठ्या प्रमाणावर ४जीचा आधार घेऊन चालतं. ज्या ४जी सेलचा आधार घेतलाय तोच भरलेला असेल तर ५जीचं चिन्ह दिसूनही नेट अडखळतं. शिवाय अशा जाळ्यात ५जीचं चिन्ह हे "इथे ५जी मिळू शकतं" एवढंच सांगत असतं. डेटा त्या क्षणी ४जीवरूनच जात असू शकतो. जिओचं ५जी स्वतंत्र चालतं, त्याला ४जीचा आधार लागत नाही. म्हणून दोन्ही स्थितींत पिंग मोजून ठरवा, चिन्हावर जाऊ नका.

अँड्रॉइडच्या अनेक फोनांत `*#*#4636#*#*` टाकलं की तांत्रिक पडदा उघडतो. त्यात फोनची माहिती निवडून खाली आलात की "Set Preferred Network Type" अशी यादी मिळते. "LTE only" निवडलं तर फोन फक्त ४जीवर राहतो. "NR only" म्हणजे फक्त ५जी. स्वतंत्र ५जी असलेल्या जाळ्यावर ते चालतं, ४जीचा आधार लागणाऱ्या जाळ्यावर सेवाच जाते. "LTE only" वर कॉल व्होल्टीने जातात, म्हणून व्होल्टी चालू आहे याची खात्री करूनच ते वापरा, नाहीतर येणारे फोन चुकतील. काही फोनांत रीस्टार्टनंतर ही निवड आपोआप पुसली जाते.

बँडला कुलूप

ठरावीक बँडच वापरायला लावणं प्रत्येक फोनला जमत नाही. आयफोनमध्ये ही सोय नाहीच; तिथे ४जी की ५जी एवढंच निवडता येतं. सॅमसंगच्या काही फोनांत `*#2263#` ने बँड निवडायचा छुपा पडदा उघडतो, काही नव्या फोनांत तो बंद केलेला आहे. मीडियाटेक चिप असलेल्या अनेक फोनांत `*#*#3646633#*#*` टाकलं की इंजिनीअर मोड उघडतो. तिथे Telephony मध्ये BandMode, मग डेटाचं सिम, आणि मग LTE च्या बँडची चौकटींची यादी. क्वालकॉम चिपच्या इतर फोनांत हे बहुतेक रूट केल्याशिवाय होत नाही, आणि ज्या फोनवर बँकेची ॲप आहेत तो फोन यासाठी रूट करू नका.

यादीला हात लावण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घ्या. कोणत्या चौकटी टिक केलेल्या होत्या ते नंतर आठवत नाही. मग फक्त भरलेल्या खालच्या बँडची टिक काढा. बाकी सगळे राहू द्या. एकाच बँडवर बांधून टाकलं तर तो आत पोहोचत नाही तिथे फोन मुका होतो. शिवाय आजचे फोन दोन-तीन बँड जोडून वेग वाढवतात, तीही सोय जाते. इंजिनीअर मोडमधल्या इतर कुठल्याही पानावर काही बदलू नका, विशेषतः आयएमईआय आणि एनव्हीरॅम अशी नावं दिसतील तिथे.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा तुळशीबागेतल्या आतल्या गल्लीत बांगड्यांचा स्टॉल आहे. मालकीण काकू स्वतःच्या फोनवरून व्यापाऱ्याला पैसे पाठवतायत आणि चकरी फिरतेय. कोटा शिल्लक आहे, व्हीपीएन नाही. पिंग मोजला: किमान ६२, सरासरी ८७०, कमाल २९००, हरवलेले १३ टक्के. NetMonster वर बँड ८, RSRP −७२, RSRQ −१३, SNR १४. म्हणजे गर्दी.

काकूंचा पुतण्या फोन घेऊन गल्लीच्या तोंडाशी जातो. तिथे फोन बँड ४० वर येतो: RSRP −१०१, RSRQ −१०, SNR ११. कांड्या दोन, पिंगची सरासरी ७०. हाच फोन परत स्टॉलवर आणला की पाचेक मिनिटांत तो पुन्हा बँड ८ धरतो आणि अडकतो. म्हणजे बँड ४० चांगला आहे, फक्त फोन त्याला टिकून राहत नाही.

फोन मीडियाटेकचा, त्यामुळे इंजिनीअर मोडमध्ये बँड ८ ची टिक काढली, ३ आणि ४० ठेवले. स्टॉलवर आता बँड ४०, RSRP −१०९, SNR ४, एकच कांडी. पिंगची सरासरी ११०, कमाल ३००, हरवलेलं काही नाही. पैसे चार-पाच सेकंदांत गेले. मागच्या माल ठेवायच्या खोलीत मात्र फोन बँड ३ वर उतरतो आणि जेमतेम तग धरतो. ३ ठेवला नसता तर तिथे सेवाच गेली असती, आणि त्या खोलीतून ११२ ला फोन करायची वेळ आली तर? म्हणून बाजार उठल्यावर स्क्रीनशॉट बघून बँड ८ ची टिक परत लावायची. बाजाराच्या गर्दीसाठी लावलेलं कुलूप घरी आणि गावाला जाताना घातक ठरतं, कारण गावाकडे बरेचदा तीच खालची पट्टी पोहोचते.

एक गोष्ट या उदाहरणात सुटू नये. काकूंच्या स्टॉलवरचा पैसे आल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स स्वतःच्या वेगळ्या सिमवर चालतो. फोनचा बँड बदलला तरी तो त्याच्याच पट्टीवर अडकलेला असू शकतो. साउंडबॉक्स गप्प राहिला म्हणजे पैसे आले नाहीत असं नाही. गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा पैसे पाठवायला लावण्याआधी दुकानदाराच्या ॲपमध्ये व्यवहार बघा, आणि "प्रलंबित" दिसत असेल तर थोडं थांबा.

रोज याच जागी बसणाऱ्यांसाठी

आठवड्यातून एकदा बाजारात जाणाऱ्याला वरचं सगळं पुरेल. रोज तिथेच दुकान मांडणाऱ्याला मात्र दुसऱ्या कंपनीचं सिम लागतं. एकाच कंपनीची दोन सिमं असून उपयोग नाही, ती दोन्ही त्याच भरलेल्या सेलवर जातात. अनेक ठिकाणी दोन कंपन्यांच्या अँटेना एकाच मनोऱ्यावर असतात, तरी त्यांच्या लहरी आणि यंत्रं वेगळी, त्यामुळे एकीची गर्दी दुसरीला लागत नाही. सिम घेण्याआधी शेजारच्या दुकानदाराच्या फोनवर त्याच संध्याकाळी, त्याच वेळी पिंग मोजा. सकाळची मोजणी इथे कामाची नाही. १९०० वर पोर्टिंगचा संदेश पाठवायचा तो त्यानंतरच.

पक्कं दुकान असेल तर साध्या ब्रॉडबँडची वायर आणि वायफाय सगळ्यांत बरं. गल्लीतली कितीही माणसं आली तरी ती वायर त्यांच्यात वाटली जात नाही.

तक्रार करायची असेल तर १९८ वर करा आणि डॉकेट क्रमांक लिहून ठेवा. "नेट चालत नाही" असं सांगितलं तर पलीकडून फोन रीस्टार्ट करायला सांगतील. त्याऐवजी तारीख आणि वेळ, NetMonster वरचा सेलचा क्रमांक, बँड, RSRP, RSRQ आणि पिंगचे आकडे द्या, आणि सकाळच्या मोजणीचा स्क्रीनशॉटही जोडा. आवाज चांगला पण सेल भरलेला, हे या आकड्यांतून नेटवर्कच्या माणसाला लगेच कळतं. त्यावर त्यांच्याकडे करण्यासारखं असतं: त्या सेक्टरवर आणखी एक पट्टी चालू करणं, अँटेनाचा कल बदलणं, फोनांना वरच्या बँडवर हलवण्याची मर्यादा सैल करणं, किंवा सणापुरता चाकांवरचा टॉवर आणून उभा करणं. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच डॉकेट क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. एकाच गल्लीतल्या चार-पाच दुकानदारांनी त्याच सेलच्या क्रमांकासह तक्रार केली, तर ती एका फोनची तक्रार म्हणून बाजूला टाकणं अवघड जातं.